सरळ बस म्हटलं तरी सरळ न होणारी पाठ

प्रश्न: माझा मुलगा साडेचौदा वर्षांचा आहे, नववीत. दीड-दोन वर्षांपासून पोक काढून बसतो आणि चालतो. दिवसातून पन्नास वेळा 'सरळ बस' सांगते, पण खांदे मागे ओढले तरी पाठ सरळ होत नाही. शाळेत उंची मोजली तर सहा महिन्यांपूर्वीपेक्षा १ सेंटिमीटर कमी भरली. एक्स-रेच्या रिपोर्टात 'डी-७ ते डी-९ अँटिरिअर वेजिंग, शॉयरमन डिसीज' असं लिहिलंय. हे दप्तरामुळे झालं का? कॅल्शियमने किंवा पट्ट्याने मणके पुन्हा सरळ होतील का? गेलेली उंची परत येईल का?

उत्तर:

ताई, आजपासून 'सरळ बस' म्हणणं बंद करा. तो ऐकत नाही असं नाहीये, त्याला सरळ होताच येत नाहीये. माझ्याकडे अशी मुलं येतात तेव्हा बहुतेकांनी दोन-तीन वर्षं घरी, शाळेत आणि ट्यूशनला बोलणी खाल्लेली असतात. पाठीचा विषय निघाला की ती आईकडे न बघता जमिनीकडे बघतात.

नेमकं काय झालंय ते आधी सांगते. छातीच्या भागात बारा मणके असतात. रिपोर्टमध्ये त्यांना डी-१ ते डी-१२ म्हणतात. मणक्याचा पुढचा भाग म्हणजे एक ठेंगणा डबा समजा, आणि दोन डब्यांच्या मध्ये गादी. निरोगी पाठीत हे डबे मागे-पुढे जवळजवळ सारख्या उंचीचे असतात. तुमच्या मुलाच्या तीन डब्यांची मागची भिंत पूर्ण उंचीची आहे, पण पुढची बुटकी राहिली आहे. बाजूने पाहिलं तर सुताराच्या पाचरीसारखा आकार दिसतो. पाचरी एकावर एक रचल्या की रास आपोआप पुढे झुकते. मग खांदे कितीही मागे ओढा, झुकलेली रास तशीच राहणार.

हा फरक मापात फार छोटा असतो, म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही. या वयातल्या मुलाचा छातीतला मणका पुढून मागे साधारण २५ मिलिमीटर खोल असतो. तो ५ अंशांनी पाचरीसारखा झाला, तर पुढची भिंत मागच्यापेक्षा दोन-सव्वादोन मिलिमीटर बुटकी असते. १० अंशांना साडेचार मिलिमीटर. म्हणजे दोन-तीन पाच रुपयांची नाणी एकावर एक ठेवल्याएवढा फरक. पण तीन-चार मणक्यांचे अंश एकमेकांत मिळतात, त्यात दबलेल्या गाद्यांची भर पडते, आणि पाठ लांबून ओळखू येईल इतकी वाकते.

होलगर शॉयरमन हे डेन्मार्कचे डॉक्टर. १९२० साली त्यांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं. तोवर वाढत्या वयातल्या मुलांचं पोक म्हणजे कमजोर स्नायू किंवा कामाच्या जागी वाकून बसायची सवय असं धरलं जाई. शॉयरमन यांनी बाजूने एक्स-रे काढले आणि दाखवलं की काही मुलांच्या मणक्यांचाच आकार बदललेला असतो आणि त्यांची पाठ हाताने दाबूनही सरळ होत नाही. शंभर वर्षं उलटली, तरी आपल्याकडे घरोघरी अजून 'सवय आहे, जाईल' हेच चालू असतं.

दप्तराचं विचारलंत. दप्तरामुळे हे होत नाही. मोबाइलमुळेही नाही, अभ्यासाला जमिनीवर बसल्यामुळेही नाही. मणक्याच्या वरच्या आणि खालच्या तोंडावर कूर्चेचं एक झाकण असतं आणि मणक्याची उंची तिथूनच वाढते. या मुलांमध्ये ते झाकण मुळातच थोडं कच्चं असतं. गादीचा मऊ भाग काही ठिकाणी ते भेदून हाडात घुसतो. एक्स-रेवर तिथे मणक्याच्या कडेला खळगा दिसतो, त्याला श्मॉर्ल नोड म्हणतात. झाकण कच्चं असलं की पुढच्या बाजूची वाढ मंदावते आणि मणका किंचित पुढे कलतो. कलला की वजन पुढच्या भागावर जास्त पडतं. वाढणाऱ्या हाडावर सततचा दाब आला की तिथली वाढ आणखी मंदावते. मागची बाजू मात्र वाढतच राहते. म्हणून उंची झपाट्याने वाढायच्या वर्षांत, मुलांमध्ये साधारण तेराव्या ते सोळाव्या वर्षी, बाक भराभर वाढताना दिसतो. झाकण कच्चं असण्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे. घरात एकदा नजर फिरवा. मामा, काका, आजोबा यांच्यापैकी कुणाची पाठ अशीच गोल निघाली तर मला नवल वाटणार नाही. कित्येकदा मुलाला तपासताना त्याच्या वडिलांनाही शर्ट काढून उभं करावं लागतं.

आता तपासणीकडे येऊ. रिपोर्टात आजाराचं नाव लिहिलंय म्हणून तो आजार पक्का झाला असं मी मानत नाही. तुम्ही घरी दोन गोष्टी करून बघा. मुलाला शर्ट काढून, पाय जुळवून, गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगा, आणि तुम्ही त्याच्या बाजूला उभं राहून बघा. नुसत्या सवयीचं पोक असेल तर पाठीची कड कमानीसारखी एकसारखी गोल दिसते. शॉयरमनमध्ये ती कड मध्येच एका जागी अचानक मोडल्यासारखी दिसते आणि तिथे टोक येतं. याच वेळी त्याची बोटं जमिनीपासून किती वर राहतात तेही बघा. या मुलांच्या मांडीमागच्या शिरा बऱ्याचदा आखडलेल्या असतात, बोटं नडगीच्या मध्यापर्यंतच पोचतात. नंतर त्याला जमिनीवर पालथं झोपवा, हात कोपरात वाकवून डोक्याजवळ, आणि छाती उचलायला सांगा. सवयीचं पोक इथे सपाट होतं. मणक्याचं पोक तसंच राहतं, फक्त कंबर खोल आत जाते.

एक्स-रे घेताना घाई नडते. तुमच्याकडचा एक्स-रे झोपवून काढलाय का बघा. तसं असेल तर त्यावरचा अंश माझ्या उपयोगाचा नाही. उभं राहून, बाजूने, मानेपासून कमरेखालपर्यंत एका लांब फिल्मवर तो हवा, आणि मुठी कॉलरबोनवर टेकवलेल्या हव्यात. हात खाली सोडले तर दंडाचं हाड मणक्यांवर येतं, हात वर केले तर पाठ थोडी ताणली जाते. शिवाय एक एक्स-रे आडवं झोपवून, बाकाच्या टोकाखाली तक्क्या किंवा गुंडाळलेली चादर ठेवून काढावा. बाक किती मोकळा होतो ते त्यात कळतं. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे मला काम करायला मिळालेली जागा.

मोजणी अशी होते. बाकात वरून सर्वांत जास्त कललेल्या मणक्याच्या वरच्या कडेला एक रेघ, खालून सर्वांत जास्त कललेल्या मणक्याच्या खालच्या कडेला दुसरी रेघ, त्या दोघींमधला कोन म्हणजे एकूण बाक. छातीच्या भागात २० ते ४५ अंशांचा बाक सगळ्यांनाच असतो, तो असायलाच हवा. मग प्रत्येक मणक्याच्या स्वतःच्या वरच्या-खालच्या कडांमधला कोन वेगळा मोजायचा. लागोपाठ तीन मणके प्रत्येकी ५ अंश किंवा जास्त पाचरीसारखे निघाले, तर शॉयरमन म्हणायचं. हा निकष १९६४ पासून चालत आला आहे. निरोगी माणसाचेही छातीतले मणके एक-दोन अंश पाचरीसारखे असतात, त्यामुळे एखाद्याच मणक्यावर 'माइल्ड वेजिंग' लिहिलेला रिपोर्ट बघून घाबरायचं कारण नाही. आणखी एक सांगून ठेवते. तोच एक्स-रे दोन डॉक्टरांनी मोजला तर ४-५ अंशांचा फरक सहज पडतो. या वेळी ५८ आणि पुढच्या वेळी ६१ आले, म्हणजे आजार वाढला असं होत नाही.

महाराष्ट्रात बसून उत्तर देताना क्षयाचं नाव घेणं भागच आहे. मणक्याच्या टीबीनेही बाक येतो. त्यात बहुतेक वेळा शेजारचे दोन मणके आणि त्यांच्यामधली गादी एकत्र खाल्ली जाते, कडा पुसट होतात आणि पाठीवर हाताला गाठीसारखं टोक लागतं. शॉयरमनमध्ये गाद्या बारीक झालेल्या आणि कडा ओबडधोबड असतात, पण त्या कडांची रेघ शाबूत असते, आणि बदल तीन-चार मणक्यांवर पसरलेला असतो. लक्षणांवरूनही ओळखता येतं. शॉयरमनचं दुखणं दिवसभर बसून किंवा खेळून संध्याकाळी येतं आणि आडवं पडलं की कमी होतं. मूल रात्री दुखण्याने उठत असेल, संध्याकाळी अंग तापत असेल, वजन उतरत असेल, चालताना पाय अडखळत असतील किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर पट्टा-व्यायाम बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात एमआरआय आणि रक्ततपासणी करून घ्या. दहा वर्षांच्या आत असा बाक दिसला, तरी मी शॉयरमन म्हणत नाही. तिथे जन्मजात मणक्यांचा दोष शोधावा लागतो, त्याची वाट अगदी वेगळी आहे.

आता उंची. मणके 'झिजून' उंची कमी होते असं बहुतेकांना वाटतं. तसं नाहीये, आणि हिशोब थोडा मांडून दाखवते. छातीच्या भागातला कणा तारेसारखा धरला तर त्याची लांबी समजा २८ सेंटिमीटर. ही तार ४० अंशांत वाकवली तर तिच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर २७.४ सेंटिमीटर राहतं. ६२ अंशांत वाकवली तर सुमारे २६.७, आणि ७५ अंशांत २६ च्या आसपास. म्हणजे तार तेवढीच असली तरी नुसत्या वाकण्यातच पाऊण ते दीड सेंटिमीटर जातो. तीन मणक्यांच्या पुढच्या भिंती मिळून सव्वा सेंटिमीटर बुटक्या असल्या, तर मणक्यांच्या मध्यरेषेवर त्यातला अर्धा, सहा-सात मिलिमीटर, आणखी जातो. वर पाठ पुढे गेली म्हणून तोल सांभाळायला कंबर जास्त आत जाते आणि मान पुढे सरकते. तेही थोडं खातं. सगळं मिळून ६०-६५ अंशांच्या मुलाची दीड-दोन सेंटिमीटर उंची बाकात लपलेली असते.

तुमच्याकडे मोजमापात सहा महिन्यांत एक सेंटिमीटर कमी आली. सकाळी आणि संध्याकाळी मोजलेल्या उंचीतच सेंटिमीटरभर फरक असू शकतो, आणि शाळेत भिंतीला टेकून कुणी कसं उभं केलं त्यावरही बरंच अवलंबून असतं. घरी सकाळी उठल्यावर, टाचा भिंतीला, नजर समोर, अशी तीन वेळा मोजा आणि मधला आकडा धरा. मग त्याचे दोन्ही हात आडवे पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मापा. सर्वसाधारण मुलात हे माप उंचीच्या जवळपास असतं. ते उंचीपेक्षा ४-५ सेंटिमीटर जास्त भरलं, तर धडात काहीतरी लपलंय असा अंदाज बांधता येतो. आणि तुमच्यासाठी एक साधा प्रश्न: मागच्या वर्षीच्या शाळेच्या पँट आखूड होतायत का? होत असतील तर पाय वाढतायत, म्हणजे मूल वाढतंय, वाढ बाकात जातेय. पँटही तेवढ्याच राहिल्या असतील, तर तो प्रश्न पाठीचा नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

'परत सरळ होतील का' याचं उत्तर वयापेक्षा हाडांची वाढ किती शिल्लक आहे यावर ठरतं. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर वाढत्या वयात हाडाची एक टोपी तयार होते, ती बाहेरून आत पसरत जाते आणि शेवटी हाडाला जुळते. तिची मोजणी ० ते ५ अशी करतात, तिला रिसर म्हणतात. ० ते २ म्हणजे वाढ भरपूर बाकी आहे, ४-५ म्हणजे संपत आली. तुमच्या फिल्मवर कंबर आली नसेल तर समोरून एक फिल्म त्यासाठी काढावी लागेल. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरूनही हाडांचं वय कळतं. हे समजल्याशिवाय 'पट्टा घालायचा का' याला उत्तर देणारा डॉक्टर अंदाज करतोय, असं मी स्पष्ट म्हणेन.

ही गोष्ट मी एका चुकीतून शिकले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एक मुलगी आली होती, तेरा वर्षांची. पोक होतं, दुखणं विशेष नव्हतं. मी पालथं झोपवून पाहिलं नाही, एक्स-रेही काढला नाही. व्यायामाचा कागद दिला, आईला धीर दिला. चार वर्षांनी ती दुसऱ्या कारणासाठी आली, तेव्हा बाक ७८ अंश होता आणि वाढ पूर्ण झाली होती. पट्ट्याची वेळ माझ्या टेबलासमोरून निघून गेली होती.

आता जो मुलगा नीट मार्गी लागला त्याची हकिगत सांगते, म्हणजे तुमच्याकडे काय काय लागेल ते कळेल. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय चौदा वर्षं तीन महिने. उंची १६१, हात पसरून १६६. उभा बाक ६२ अंश, तक्क्यावर झोपवून ४८. म्हणजे चौदा अंश मोकळे होत होते, बाकीचे पक्के. डी-७ आठ अंश, डी-८ अकरा, डी-९ नऊ. बाकाचं टोक डी-९ च्या आसपास. रिसर १. दुखणं संध्याकाळी, दहापैकी तीन-चार, आणि टोकाच्या जागी नव्हे तर कमरेत. बऱ्याच मुलांचं असंच असतं, वरचा बाक भरून काढायला कंबर राबते आणि दुखणं तिलाच होतं.

त्याला आम्ही प्लास्टिकचा, धडाच्या साच्यावरून बनवलेला पट्टा दिला. टोक डी-७, डी-८ च्या वर असतं तेव्हा धडापुरता पट्टा वरपर्यंत पोचत नाही. तिथे मानेपर्यंत जाणारा मिलवॉकी ब्रेस लागतो, आणि तो शाळेत घालायला मुलं नाखूश असतात, त्यांना दोष देता येत नाही. याचं टोक खाली असल्यामुळे काखेखालचा चालला. अशा पट्ट्याचं काम तीन ठिकाणच्या दाबाने होतं. पाठीमागे बाकाच्या टोकाच्या किंचित खाली एक उशी पुढे ढकलते, छातीवर वर एक आधार मागे ढकलतो, पोटाखाली एक आधार मागे ढकलतो. खांद्याला मागे ओढणारे इलॅस्टिकचे 'पोश्चर करेक्टर' बाजारात मिळतात, ते या आजारात का चालत नाहीत ते यावरून लक्षात येईल. ते खांदे ओढतात. मधल्या मणक्यांना ते हातही लावत नाहीत. पाठीचा पक्का भाग तसाच राहतो, वळतात ती मान आणि कंबर. मग आरशात काही दिवस बरं दिसतं.

पट्टा दिल्यावर सहा आठवड्यांनी आम्ही तो घातलेल्या स्थितीत एक्स-रे काढला. बाक ४७ वर आला होता. पट्टा घालूनही एक्स-रेवर काहीच फरक पडत नसेल तर तो पट्टा चुकीचा बसलाय किंवा बाक आता फार कडक झालाय, आणि नुसते महिने घालवण्यात अर्थ नाही. पाठीमागची उशी एक इंच जरी खाली घसरली तरी ती बाक सोडून कमरेला ढकलते, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी मूल वाढलं की उशा सरकवाव्या लागतात. हे काम ऑर्थोटिस्टचं, म्हणजे असे पट्टे बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाचं. पट्टा घेताना फक्त किंमत न विचारता 'पुढचे बदल कोण करून देणार' हे विचारा.

रोज वीस तास घालायला सांगितलं होतं. तो सोळा-सतरा तास घालायचा, मला माहीत होतं आणि त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. क्रिकेटला जाताना काढायचा, ते मीच सांगितलं होतं. पट्टा नुसता बांधून ठेवला तर पाठीचे स्नायू ढिले पडतात, म्हणून रोज वीस मिनिटं व्यायाम. पालथं झोपून छाती उचलून धरणं, मांडीमागच्या शिरा ताणणं, गुंडाळलेल्या टॉवेलवर बाकाची जागा टेकवून पाच मिनिटं उताणं पडून राहणं. यातल्या कुठल्याही व्यायामाने पाचरीचा आकार बदलत नाही. पण दुखणं कमी होतं आणि मोकळा असलेला भाग मोकळा राहतो.

अठरा महिन्यांनी पट्ट्याशिवाय उभा बाक ४६ अंश. डी-८ अकराचा सातवर आला होता. पुढच्या बाजूवरचा दाब पट्ट्याने काढून घेतल्यामुळे ती बाजू वाढली, भिंत थोडी भरून निघाली. मणक्यांना परत आकार येण्याचा अर्थ एवढाच, आणि तो वाढ बाकी असतानाच लागू होतो. रिसर ४ दिसल्यावर पट्टा हळूहळू कमी केला, आधी संध्याकाळचा सोडला, मग फक्त रात्री. अठराव्या वर्षी पाहिलं तेव्हा बाक ५१ झाला होता. पट्टा सुटल्यावर थोडं परत जातंच, हे आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर घरच्यांना वाटतं सगळं वाया गेलं. बासष्ट घेऊन आलेला, काहीच केलं नसतं तर सत्तरीच्या पुढे गेला असता असा माझा अंदाज होता. शेवटची उंची १७२ भरली. ती पट्ट्यामुळे किती आणि वयामुळे किती हे मला वेगळं करून सांगता येणार नाही.

तुमचा आकडा ५० च्या आत असेल तर पट्ट्याचीही गरज नसते, दर सहा महिन्यांनी एक उभा एक्स-रे आणि व्यायाम पुरे. ५० ते ७५ आणि वाढ बाकी, हा पट्ट्याचा खरा प्रदेश. ७५ च्या पुढे पट्टा सहसा हरतो.

ऑपरेशनचं फार वाढवत नाही, कारण बहुतेकांना लागत नाही. ७५ अंशांच्या वर बाक, शिवाय न थांबणारं दुखणं किंवा वाढतच जाणारा कोन, किंवा मज्जारज्जूवर दाब, अशा वेळी त्याचा विचार होतो. पाठीमागून जाऊन मणक्यांमधले मागचे सांधे थोडे कापून मोकळे करतात, मणक्यांत स्क्रू बसवतात, दोन दांड्यांवर बाक आवरून आणतात आणि तो भाग कायमचा जोडून टाकतात. बाक निम्म्याहून जास्त कमी करायचा मोह आवरावा लागतो. जास्त ओढलं किंवा जोडणी कमी लांबीची केली, तर जोडलेल्या भागाच्या लगेच वर किंवा खाली नवीन बाक तयार होतो आणि दुसरं ऑपरेशन मागतो. या ऑपरेशनने उभ्या उभ्या एक-दोन सेंटिमीटर उंची मिळते, पण जोडलेला भाग पुढे वाढत नाही. केवळ उंचीसाठी कुणी ऑपरेशन सुचवत असेल तर दुसरा डॉक्टर गाठा.

आणि न केल्यास पुढे काय, हे तुमच्या मनात असणार. अमेरिकेत आयोवामध्ये अशा ६७ जणांना उपचार न करता सरासरी ३२ वर्षांनी पुन्हा तपासलं, १९९३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सरासरी बाक ७१ अंश होता. इतरांपेक्षा त्यांची पाठ जास्त दुखत होती आणि त्यांनी अंगमेहनतीची कामं कमी निवडली होती, पण शिक्षण, लग्न, रोजचं आयुष्य यांत मोठा फरक दिसला नाही. श्वासावर परिणाम दिसला तो बाक १०० अंशांच्या पुढे आणि छातीच्या वरच्या भागात असलेल्यांमध्ये. म्हणून मुलासमोर 'पुढे श्वास घेता येणार नाही' असं कुणी नातेवाईक बोलले तर त्यांना थांबवा.

कॅल्शियमबद्दल शेवटी. डी जीवनसत्त्व रक्तात कमी निघालं तर जरूर भरून काढा, पण त्या गोळ्यांनी पाचर सरळ होत नाही, आणि ते कमी होतं म्हणून हे झालं असंही नाही. जिमला जायचं असेल तर पोहणं, सायकल, पाठ मागे ओढणारे व्यायाम चालतील. खांद्यावर बार ठेवून जड बैठका आणि डोक्यावर वजन उचलणं मी वाढ पूर्ण होईपर्यंत करू देत नाही.

पुढच्या वेळी दाखवायला जाताना टाइप केलेल्या रिपोर्टसोबत एक्स-रेची फिल्म किंवा सीडी घेऊन जा. जुनी फिल्म असेल तर तीही, कितीही धुरकट असली तरी. मागच्या वर्षी खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढला असेल आणि त्यात बाजूने काढलेली फिल्म असेल, तर तिच्यावर डी-८ दिसतो. तेव्हा तो किती अंश होता हे आज मोजता आलं, तर बाक वाढतोय की थांबलाय हे सहा महिने न थांबता कळेल.